फोडणीच्या धुरामागोमाग

संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की ओटा पुसून घ्या, शेगडी गार होऊ द्या आणि थोडा वेळ स्वयंपाकघरातच थांबा. चिमणी बंदच राहू द्या. आत्ता तिच्याकडे फक्त बघायचं आहे. तिच्यातून जाणाऱ्या हवेच्या मागोमाग मनानं चालत जायचं आहे, शेगडीपासून घराच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. ही वाट जेमतेम दोन-चार मीटरांची असते. तिच्यावर घाई केली की काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर जरा रेंगाळू या.

"चिमणी पूर्वीसारखी ओढत नाही," असं घरात कोणीतरी म्हणतं तेव्हा पहिला संशय मोटरवर जातो. मोटर सहसा होती तशीच असते. तिच्यापुढचा अडथळा वाढलेला असतो. हा अडथळा दोन ठिकाणी असतो. एक फिल्टरमध्ये: तो रोज थोडा थोडा वाढतो आणि धुतला की जातो. दुसरा पाइपात: चिमणी बसवली त्याच दिवशी तो तिथे आला आणि कितीही धुतलं तरी तो जाणार नाही. आपल्या चिमणीला यांतला कोणता भोवतोय, एवढंच आज शोधायचं.

आता डोळे मिटा आणि एक फोडणी आठवा. तेल तापलंय, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि वर ओला कढीपत्ता. पानातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ तेलाला उडवते. मोठे थेंब ओट्यावर नि मागच्या टाइल्सवर पडतात, ते तुम्ही आत्ताच पुसलेत. त्याहून बारीक थेंब गरम हवेबरोबर वर जातात. त्यांच्यासोबत तेलाची वाफही असते, जी वर गार होता होता आणखी बारीक तुषार बनते. चिमणीकडे जातं ते हे सगळं मिळून. आपण त्याला धूर म्हणतो, पण त्यात धुराहून तेल जास्त असतं.

डोळे उघडा आणि चिमणीच्या पोटाकडे खालून पाहा. तिथे स्टीलच्या उभ्या पट्ट्या दिसतील, एकीआड एक, कडा आत वळलेल्या. हा बॅफल फिल्टर. एक फिल्टर काढून हातात घ्या. पट्ट्यांमधून आरपार पाहायचा प्रयत्न करा. पलीकडचं काही दिसणार नाही. खालच्या रांगेतल्या फटीवर मागच्या रांगेतली पट्टी येते. आत शिरलेल्या हवेला एकदा वळावं लागतं आणि लगेच उलट बाजूला वळावं लागतं. हवा हलकी असल्यामुळे ती वळते. तेलाचा थेंब जड, त्याला ते जमत नाही. एसटी घाटात वळली की उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसा तो पट्टीवर जाऊन आदळतो, तिथेच चिकटतो, इतर थेंबांना मिळतो आणि ओघळत खालच्या तेलाच्या वाटीत उतरतो.

इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. थेंब पट्टीवर आदळतो तो हवेला वेग असतो म्हणून. वेग कमी झाला तर थेंबही हवेबरोबर आरामात वळतो आणि फिल्टरच्या पलीकडे निघून जातो. फिल्टर तेलानं माखला, फटी अरुंद झाल्या की चिमणीतून जाणारी एकूण हवा कमी होते. शेगडीवरची बरीच वाफ मग चिमणीच्या बाजूनं निसटून थेट घरात पसरते. ज्या फटी पुरत्या बुजल्या, तिथे तर तेल पकडायला जागाच राहत नाही; उरलेल्या फटींतून हवा जाते आणि पट्ट्यांवर आधीच साचलेल्या तेलाचे थेंब खेचत आत नेते. ते तेल ब्लोअरच्या पात्यांवर बसतं आणि पुढे पाइपाच्या वळ्यांत. म्हणजे जो अडथळा हातानं काढून धुता आला असता, तो हळूहळू हात पोचत नाही अशा जागी जाऊन बसतो.

फिल्टर अजून हातात आहे ना? पट्टीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला पातळ, ओलं तेल लागलं तर बरं आहे. पिवळसर आणि चिकट लागलं, बोट जरा अडखळलं, तर उशीर व्हायला लागलाय. तपकिरी, कडक, नखानं खरवडलं तरी न निघणारं असेल, तर ते आता तेल राहिलेलं नाही. तापलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वॉर्निशसारखा थर तयार होतो. जवसाचं तेल रंगकामात पूर्वापार वापरलं जातं ते याच गुणासाठी. करडईचं पारंपरिक तेलही त्याच जातीचं. सूर्यफूल आणि सोयाबीन त्यांच्या मागोमाग, शेंगदाण्याचं त्याहून सावकाश, आणि खोबरेल जवळजवळ वाळतच नाही. त्यामुळे रत्नागिरीत खोबरेलावर स्वयंपाक करणाऱ्या घरातला फिल्टर आणि पुण्यात सूर्यफुलावर करणाऱ्या घरातला फिल्टर सारख्याच दिवसांनी पाहिले तरी बोटाला वेगळे लागतील.

धुण्याचं वेळापत्रक याच रसायनावर ठरवायला हवं. ओल्या अवस्थेतलं तेल गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं अर्ध्या तासात सुटतं. वाळून थर झालं की साबण त्याला शिवत नाही. मग कॉस्टिकची द्रावणं आणावी लागतात. ती हाताला भाजतात, ॲल्युमिनियम खातात आणि एवढं करूनही कोपऱ्यात डाग ठेवतात. म्हणून फिल्टर किती घाण दिसतो यापेक्षा तेल अजून ओलं आहे का, हे बघून दिवस ठरवा. रोज एक-दोन फोडण्या आणि पोळ्या एवढाच स्वयंपाक असेल तर महिन्यातून एकदा धुतलेलं चालतं. आठवड्यात दोन-तीनदा मासे तळले जात असतील, पुऱ्या-भजी होत असतील, तर पंधरा दिवस ही मर्यादा धरा. दिवाळीच्या फराळाचा हिशेब वेगळा: चकल्या-शेव तळून झाल्या की त्याच आठवड्यात फिल्टर धुवा, महिना भरायची वाट बघू नका. बॅफलऐवजी बारीक जाळीचा फिल्टर असेल तर त्याची भोकं फार लवकर बुजतात. त्याला दर आठवड्याला पाणी लागतं.

धुताना घाई नको. चिमणीचा प्लग काढा. हँडल धरून फिल्टर उतरवा आणि तो आडवा मावेल अशा टबात ठेवा. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांड्यांचा साबण, आणि फिल्टर स्टेनलेस स्टीलचा असेल तर दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा टाकू नका, तो काळा पडतो. नुसता साबण पुरे. अर्धा तास भिजू द्या. पाण्यावर तेलाचे पिवळे चकंदळ तरंगायला लागतील. मग बाटली घासायचा लांब ब्रश प्रत्येक फटीतून वर-खाली फिरवा. फिल्टरच्या खालच्या कडेला तेल निथळण्यासाठी लहान भोकं असतात, ती मुद्दाम शोधा आणि काडीनं मोकळी करा. बहुतेक घरांत ती विसरली जातात, आणि ती बुजली की तेल वाटीत न उतरता पट्ट्यांतच साठून राहतं. तारेचा काथ्या वापरू नका. ओरखडे पडले की तेल पुढच्या वेळी तिथेच घट्ट धरून बसतं. धुतल्यावर फिल्टर तिरका उभा ठेवून पूर्ण वाळवा. परत बसवताना फटी वर-खाली जातील अशाच बसवा. आडव्या बसल्या तर तेल ओघळत नाही. तेलाची वाटीही याच वेळी रिकामी करा.

ऑटोक्लीन चिमणी असली तरी हे काम सुटत नाही. त्या बटणानं आतला हीटर तापतो आणि ब्लोअरभोवतीचं तेल वितळून वाटीत येतं. बॅफल फिल्टर असेल तर तो त्यातून धुतला जात नाही, आणि पाइप तर नाहीच. ऑटोक्लीन आहे म्हणून वर्षभर फिल्टर न उतरवणं ही या बटणाविषयीची सगळ्यात महाग पडणारी समजूत आहे.

आता परीक्षा. वर्तमानपत्राच्या पानाचा चतकोर तुकडा घ्या. चिमणी सर्वांत जास्त वेगावर लावा आणि कागद फिल्टरला खालून लावून सोडा. नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहील. पडला, किंवा कडेनं लोंबकळला, तर चिमणी बंद करा, फिल्टर उतरवा, आणि फिल्टरशिवाय पुन्हा लावून कागद त्याच तोंडाशी हातात धरून बघा. शेगडी अर्थातच बंद हवी, आणि हात आत घालायचा नाही. कागद आता जोरात खेचला गेला तर दोष फिल्टरचा होता. धुतलात की काम झालं. फिल्टर काढूनही कागद तसाच ढिला राहिला, तर अडथळा पुढे आहे.

ही परीक्षा करताना कानही लावा. पुढची वाट बुजली की ब्लोअरचा आवाज बारीक आणि चढा होतो. पात्यांना ढकलायला हवा कमी मिळते, मोटरवरचा भार उतरतो आणि ती अधिक वेगानं फिरायला लागते. आवाज वाढला म्हणजे चिमणी जोरात चालतेय, असं वाटतं खरं, पण इथे नेमकं उलट घडत असतं. आवाजात घरघर आणि थरथर असेल तर पात्यांवर तेल असमान बसलंय. ते काम तंत्रज्ञाकडून ब्लोअर उतरवूनच करून घ्यायचं.

फिल्टर परत बसवा आणि हवेबरोबर पुढे चला. ब्लोअरमधून ती वर निघते. तिथे गळ्याशी एक हलकी झडप असते, बाहेरची हवा उलटी आत येऊ नये म्हणून. तेलानं ती चिकटते आणि अर्धीच उघडते. चिमणी चालू-बंद करताना तिचा 'टप' असा आवाज पूर्वी यायचा, तो अलीकडे येतो का, आठवून बघा. त्यापुढे पाइप लागतो. आणि इथे जरा जास्त वेळ बसायला हवं.

एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. दहा बाय आठ फूट, छत नऊ फुटांवर. आत सुमारे वीस घनमीटर हवा. चिमणीच्या खोक्यावर लिहिलंय, ताशी १२०० घनमीटर. हा आकडा ब्लोअरपुढे फारसा अडथळा नसतानाचा असतो. सहा इंची पाइपातून खरोखर तेवढी हवा न्यायची म्हटली, तर पाइपात तिचा वेग ताशी ६८ किलोमीटर होईल. त्या वेगानं हवा पाइपाला घासते, वळणांवर आदळते, आणि तेवढा दाब घरगुती ब्लोअर देऊ शकत नाही. मग तो जिथे झेपतं तिथे येऊन ठेपतो. चांगल्या पाइपात हा आकडा लेबलाच्या निम्म्याच्या आसपास आला तरी घाबरायचं कारण नाही. ताशी ६०० घनमीटर म्हणजे या स्वयंपाकघरातली सगळी हवा दर दोन मिनिटांनी बदलते. एवढं पुरतं.

आता या घरातला पाइप पाहा. चिमणी आतल्या भिंतीवर आहे. पाइप वर जाऊन लगेच काटकोनात वळतो, लॉफ्टमधून ड्राय बाल्कनीकडे जातो, वाटेत बीम आला म्हणून खाली वळतो आणि पुन्हा एकदा वळून भिंतीतून बाहेर पडतो. लांबी साडेतीन मीटर, काटकोनी वळणं तीन. अशा पाइपात एक घट्ट काटकोनी वळण ढोबळमानानं अडीच मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतं. तीन वळणांचे साडेसात, अधिक खरे साडेतीन: हवेच्या हिशेबात हा पाइप अकरा मीटरांचा झाला. टेपनं मोजलं तर साडेतीनच भरेल. मिस्त्रीनं "पाइप फार लांब नाही" म्हटलं ते खोटं नव्हतं, पण हवेला वळणं मोजावी लागतात.

यात अजून एक गोष्ट आहे, जी लॉफ्टचं दार उघडल्यावरच दिसते. ॲल्युमिनियमचा पाइप दाबलेल्या अवस्थेत येतो आणि ओढून लांब करायचा असतो. दहा फुटांचा पाइप आणला, लागला सात फूट, तर उरलेला कापून टाकायला हवा. बऱ्याचदा तो न कापता तसाच कोंबतात. मग आत चुण्या राहतात, पाइपाची आतली भिंत खडबडीत होते आणि अडथळा काही पटींनी वाढतो. वर मधेच आधार नसला की पाइपाला झोळ पडतो आणि त्या झोळात तेल साठतं. तुमच्याकडे लॉफ्ट असेल तर आत्ताच बॅटरी लावून बघून या. चुण्या, झोळ, आणि पहिलं वळण ब्लोअरच्या अगदी डोक्यावर आहे का. किमान फूटभर सरळ पाइप गेल्यावर पहिलं वळण आलं तर ब्लोअरला दम घ्यायला जागा मिळते.

आणि आता शेवटची भिंत. या घरातल्या भिंतीला भोक होतं जुन्या एक्झॉस्टसाठीच्या पाइपाचं, चार इंची. सहा इंची पाइप तिथे निमुळता करून घातला. चार इंची भोकाचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी असतं. तितकीच हवा तिथून जायची तर वेग सव्वादोन पट लागतो, आणि अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो म्हणजे पाच पट. सहाशे घनमीटरसाठी त्या भोकात हवेला ताशी ७० किलोमीटरच्या वर पळावं लागेल. ती पळत नाही. ब्लोअर आणखी खाली येतो आणि फोडणीचा वास हॉलमध्ये जातो. भिंत फक्त सहा इंच जाड आहे, पण आधीच्या सगळ्या पाइपाइतकं नुकसान ती एकटी करू शकते. बाहेर काउलच्या आत डासांची जाळी लावली असेल तर तिच्यावर तेल आणि धूळ मिळून लोकरीसारखा थर बसलेला असतो. कबुतरांचा प्रश्न असेल तर बोट जाईल इतक्या मोठ्या भोकांची जाळी लावा आणि सहा महिन्यांनी एकदा ती पुसा.

या घरात करायचं काय? जास्त ताकदीची चिमणी आणून फार फरक पडणार नाही. हवा दीडपट करायची तर त्याच पाइपात दाब सव्वादोन पट लागतो, आणि जो जोर मिळेल तो बराचसा आवाजात जातो. आधी भोक कोअर कटिंगनं सहा इंची करून घ्यायचं. मग बीमला वळसा घालणारी दोन वळणं टाळता येतात का पाहायचं: बीमच्या खालच्या पातळीवरूनच पाइप सरळ नेला तर एक वळण उरतं, लांबी तीन मीटर होते आणि हवेचा हिशेब अकरावरून साडेपाच मीटरांवर येतो. उरलेलं वळण घट्ट न ठेवता मोठ्या गोलाईचं करायचं. पाइप थोडा दिसेल, त्याला पेटीत झाकता येतं. बीम मात्र कापायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता खिडक्या-दारं लावून चिमणी चालू करा आणि स्वयंपाकघराचं दार किंचित उघडं धरा. दार आत खेचल्यासारखं वाटलं तर चिमणीला आत यायला हवाच मिळत नाहीये. जितकी बाहेर टाकायची, तितकी कुठून तरी आत यावी लागते. हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. शेगडीशेजारची नको, तिच्या झोतानं धूर चिमणीच्या तोंडापासून उडतो. घरात गॅस गिझर असेल तर सगळं बंद करून चिमणी लावणं धोक्याचं आहे. गिझरचा जळका वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवीन घराचं इंटिरियर चालू असेल, तर टाइल्स लागण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा: शेगडी बाहेरच्या भिंतीपाशी येतेय का, आणि तिथे सहा इंची भोक पाडलंय का. कोरी भिंत असताना हे काम तासाभराचं आहे. घर जुनं असेल तर येत्या रविवारी फिल्टर भिजत घाला आणि तो भिजेपर्यंत लॉफ्टमधल्या पाइपाची वळणं मोजून या.